लग्नाची फिल्म आली, पण आजीचा आवाज कुठं गेला? करेक्शनचं पत्र कसं लिहायचं

(ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, पत्र मात्र जसंच्या तसं दिलंय.)

मागच्या भागानंतर तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला. लग्नाचा व्हिडिओ हातात आला, पैसे देऊन झाले आणि आता त्यात चुका दिसतायत, तर व्हिडिओवाल्याला काय लिहायचं? वाद न घालता काम कसं करून घ्यायचं? मी म्हटलं, चला, याच्यावर माझ्याच घरची गोष्ट सांगतो. कारण मी पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते इतकं वाईट होतं की विचारू नका.

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात माझ्या लहान बहिणीचं लग्न झालं. आम्ही अमरावतीचे, जावई अकोल्याचे. हळद आमच्या घरी, लग्न अमरावतीला आणि दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभ अकोल्याला. व्हिडिओवाला इवायांनी ठरवला होता, म्हणजे अकोल्याचाच. माणूस चांगला होता, हे आधीच सांगतो. ऑगस्टमध्ये पेन ड्राइव्ह आला. सहा मिनिटांची हायलाइट आणि दोन तास चाळीस मिनिटांची पूर्ण फिल्म. आम्ही टीव्हीला लावून पाहिली, सगळे खूश झाले, आईनं सगळ्यांना पेढे दिले. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

सप्टेंबरमध्ये आजी गेली.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "हळदीत आजीनं गाणं म्हटलं होतं, ते लाव ना." मी लावलं. पडद्यावर आजी आहे, हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, जात्याशी बसलेली. ओठ हलतायत. आणि वरून सिनेमातलं गाणं वाजतंय. आजीचा आवाजच नाही. पूर्ण फिल्ममध्ये तिचे एकूण अकरा सेकंद, तेही मुके. ऑगस्टमध्ये आम्ही हेच पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तेव्हा आजी शेजारीच बसून पाहत होती.

रागाच्या भरात मी त्या भाऊंना रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप केलं. "व्हिडिओ बरोबर नाही. खूप चुका आहेत. नीट करून द्या." सकाळी उत्तर आलं, "काय बरोबर नाही दादा?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या माणसानं दुसरं काय विचारायचं होतं?

त्यात आमच्या घरच्या ग्रुपवर गंमत सुरू झाली. मी फक्त विचारलं होतं की आणखी काही दुरुस्ती आहे का. एकतीस मेसेज आले. मामा म्हणे माझा डान्स वाढवा, मामी म्हणे तो डान्स काढा. अकोल्याहून इवाई म्हणाले, "आमच्याकडचे लोक कमी दिसून रायले." काकू म्हणाली, "हळदीत सगळे पिवळेच काऊन दिसतात?" बाप्पा, हळद आहे ती! आणि यातल्या चौघांनी आपापले मेसेज त्या भाऊंना परस्पर पाठवूनही टाकले होते. एक म्हणतो काढा, दुसरा म्हणतो ठेवा. अशा वेळी समोरचा माणूस कुणाचंच ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मी स्वतः ऑडिओ एडिट करतो, हा पॉडकास्टच घरी बसून कापतो, म्हणून मला थोडं तरी सुचायला हवं होतं. ते सुचलं एका मित्रामुळं, जो बडनेऱ्याला बसून लग्नांचं एडिटिंग करतो. त्याला फोन केला तर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "पत्र कोण वाचणार हाय, माहीत हाय का तुले?" मी म्हटलं, व्हिडिओवाला. तो म्हणाला, "नाई. एडिटर वाचते. अन तो लग्नात आलाच नव्हता."

सगळा भाग या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा थांबतो इथं. आपल्याकडं शूटिंग करणारा आणि एडिटिंग करणारा बहुतेक वेळा वेगळा असतो. शूटिंगवाल्याला सीझनमध्ये आज मूर्तिजापूर, उद्या परतवाडा, त्यामुळं तो हार्ड डिस्क भरून एडिटरकडं देतो. एडिटर एका खोलीत बसून महिन्याला किती तरी लग्नं कापतो. त्याला नवरी-नवरदेव ओळखता येतात, कारण ते सजलेले असतात. बाकी कोण आजी, कोण आत्या, कोण शेजारची काकू, त्याला काहीच माहीत नाही. त्याच्या दृष्टीनं आमची आजी म्हणजे हळदीत बसलेल्या वीस बायांपैकी एक. आपण "आजीचं गाणं टाका" असं लिहिलं आणि शूटिंगवाल्यानं ते पुढं पाठवलं, तर त्यानं कुठं शोधायचं? म्हणजे पत्र असं हवं की लग्नात नसलेल्या माणसाला, फक्त स्क्रीनसमोर बसून, कुणालाही न विचारता ते काम करता आलं पाहिजे.

पण मित्रानं त्याआधी एक गोष्ट करायला लावली. तो म्हणाला, पत्र नंतर लिही, आधी एका ओळीचा मेसेज टाक की आमच्या लग्नाचं रॉ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल डिलीट करू नका.

हे का, ते नीट समजून घ्या. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ क्लिप्स. आता फोर-के शूटिंगचा एक साधा हिशेब पाहा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला साधारण ४५ जीबी भरतात. तीन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तासांचं फुटेज धरलं की एका लग्नाचे ४५० जीबी झाले. म्हणजे ४ टीबीच्या एका डिस्कवर आठ-नऊ लग्नंच मावतात. तुळशीचं लग्न लागलं की नवा सीझन सुरू, आणि त्याच्या आधी जुन्या डिस्क रिकाम्या करायची वेळ येते. डिलिव्हरी झाली, पैसे आले, पार्टी खूश आहे, मग ते लग्न पुसायला हरकत कुणाची? आम्ही तर पेढे वाटले होते! आमचं ऑक्टोबर उजाडलं होतं. हातात महिनाभर होता.

आणि प्रोजेक्ट फाइल म्हणजे एडिटरच्या सॉफ्टवेअरमधली ती फाइल जिच्यात कुठली क्लिप कुठं कापली, कुठलं गाणं कुठं लावलं याची नोंद असते. ती अगदी छोटी असते, पण तिच्यात व्हिडिओ नसतो, फक्त पत्ता असतो. रॉ पुसलं तर प्रोजेक्ट उघडतो आणि सगळीकडं "Media Offline" असं लाल दिसतं. मग हातात उरते ती पेन ड्राइव्हवरची तयार फिल्म. तिच्यातून एखादा तुकडा काढता येतो, नाव बदलता येतं, पण गाण्याखाली दाबलेला किंवा काढूनच टाकलेला मूळ आवाज परत येत नाही. वरणात मीठ पडल्यावर ते वेगळं काढता येतं का? तसंच.

मी मेसेज टाकला. दुपारी उत्तर आलं, "हाव, आहे अजून." त्या तीन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही फिल्म परत पाहिली, पण या वेळी वही घेऊन. यातली एक अडचण सांगतो. आमच्या पेन ड्राइव्हवर पूर्ण फिल्मच्या दोन फाइल होत्या, `FULL_1.mp4` आणि `FULL_2.mp4`. बरेच पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणून तुकडे करतात. त्यामुळं नुसतं "अठराव्या मिनिटाला" लिहून भागत नाही, कुठल्या फाइलचं अठरावं मिनिट ते लिहावं लागतं. टीव्हीवर दिसणारा वेळ नीट कळत नसेल तर मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर लावा, तिथं सेकंदासकट दिसतो. आणि रंगाची तक्रार असेल तर आधी दुसऱ्या स्क्रीनवर पाहा. काकूच्या टीव्हीला रंग भडक करणारा मोड लागलेला होता. माझ्या मोबाइलवर तेच चेहरे चांगले दिसत होते.

आजीच्या त्या अकरा सेकंदांवर मात्र मी अर्धा तास घालवला, आणि त्यात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे आजीचे ओठ फार हळू हलत होते. तो शॉट स्लो-मोशनचा होता. जिम्बलवर कॅमेरा घेऊन फिरणारा मुलगा सेकंदाला १०० फ्रेम घेतो, आणि फिल्म सेकंदाला २५ फ्रेमनं चालते, म्हणून सगळं चौपट हळू दिसतं. छान दिसतं, नाही असं नाही. पण काही कॅमेऱ्यांत स्लो-मोशनचा खास मोड लावला की आवाज रेकॉर्डच होत नाही. म्हणजे एडिटरनं आजीचा आवाज मुद्दाम काढला असं मी धरून बसलो होतो, आणि त्या क्लिपमध्ये तो मुळातच नसण्याची शक्यता होती. मी त्याच्यावर ओरडलो असतो तर त्यानं खरंच सांगितलं असतं, "दादा, आवाज नाही आहे." आणि विषय संपला असता.

दुसरी गोष्ट त्याच शॉटमध्ये होती. आजीच्या मागं, खिडकीच्या बाजूला, स्टँडवर एक कॅमेरा उभा दिसत होता आणि त्याच्यावर लांबुडका माईक. आपल्याकडं ज्याला ट्रॅडिशनल कॅमेरा म्हणतात तो. हा माणूस फिरत नाही, एका जागी उभा राहतो आणि सलग रेकॉर्ड करतो, साध्या वेगानं, आवाजासकट. सिनेमॅटिकच्या जमान्यात त्याला कुणी विचारत नाही. त्याचं फुटेज फिल्ममध्ये सगळ्यात कमी वापरलं जातं. पण आवाज असलाच तर त्याच्याकडंच असणार.

मी तिथं स्क्रीनशॉट घेतला, आजीभोवती एक गोल केला आणि त्या मागच्या कॅमेऱ्याभोवती दुसरा.

आता ग्रुपवरच्या एकतीस मेसेजचं काय केलं? बहीण आणि जावई दोघांना फोनवर बसवलं आणि प्रत्येक मागणीला एकच प्रश्न लावला. ही चूक आहे, राहून गेलेली गोष्ट आहे, की आपली आवड आहे? नाव चुकलं असेल तर ती चूक, ती त्यांनी फुकट दुरुस्त करून द्यायला हवी. एखादा विधीच दिसत नसेल तर ते राहून गेलेलं, आणि ते शूट झालं असेल तरच मिळणार. गाणं बदला, डान्स वाढवा, ही आपली आवड. फिल्म पाहून, पसंत करून, पैसे दिल्यावर आवडीसाठी कुणाला रात्रभर बसवायचं असेल तर पैसे विचारून द्यायचे. आमच्या कोटेशनमध्ये "दोन करेक्शन" असं लिहिलेलं होतं. याचा अर्थ दोन दुरुस्त्या असा नसतो, दोन फेऱ्या असा असतो. म्हणजे सगळं एकाच यादीत द्यायचं, रोज एक आठवलं म्हणून रोज एक पाठवायचं नाही. मामांचा डान्स होता तेवढाच राहिला. एकतीसचे पाच मुद्दे उरले.

मग हे पत्र लिहिलं. ईमेलवर पाठवलं आणि व्हॉट्सॲपवर फक्त "ईमेल पाहा" असं सांगितलं, कारण व्हॉट्सॲपवर पत्र वर सरकून जातं आणि साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची क्वालिटीही उतरते.

---

नमस्कार भाऊ,

मे महिन्यातलं आमचं लग्न, अमरावती आणि अकोला. फिल्म घरी सगळ्यांना आवडली, विशेषतः पाठवणीचा भाग. मागच्या आठवड्यात मी रात्री जो मेसेज केला त्याबद्दल सॉरी. घरातल्या बाकीच्यांचे मेसेज कृपया धरू नका, दोन्ही घरांकडून ही एकच यादी आहे. वेळ सगळीकडं पेन ड्राइव्हवरच्या फाइलप्रमाणं दिला आहे.

१. सगळ्यात महत्त्वाचं. `FULL_1.mp4`, ००:३१:१५ ते ००:३१:२६. हळद. हिरव्या नऊवारीतल्या, डोक्यावर पदर असलेल्या या माझ्या आजी. त्या इथं हळदीचं गाणं म्हणत आहेत, पण फिल्ममध्ये वरून दुसरं गाणं आहे. आजी सप्टेंबरमध्ये वारल्या. हा शॉट स्लो-मोशनचा दिसतो, म्हणून त्यात आवाज नसेल हे समजतं. पण सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये मागं स्टँडवरचा कॅमेरा दिसतो. त्या कॅमेऱ्यात याच वेळचं सलग रेकॉर्डिंग आहे का ते पाहाल का? असेल तर फिल्ममध्ये घालू नका. आजी गाणं सुरू करतात तिथपासून संपेपर्यंत, न कापता, वर संगीत न लावता, वेगळी फाइल द्या. कूलरचा, लोकांच्या बोलण्याचा आवाज असला तरी चालेल. याचे वेगळे पैसे सांगा.

२. `HIGHLIGHT.mp4` ००:००:१२ आणि `FULL_1.mp4` ००:०१:०५. नवरदेवाच्या आडनावातलं जोडाक्षर तुटलं आहे. बरोबर नाव टाइप करून आणि फोटो म्हणून, दोन्ही सोबत जोडलं आहे.

३. `FULL_2.mp4` ००:१८:४० ते ००:२१:१० सप्तपदी आहे आणि त्यानंतर ००:२९:३० पर्यंत मंगलाष्टकं. प्रत्यक्षात मंगलाष्टकं आधी झाली. क्रम उलटा करायचा आहे.

४. कानपिळी दिसत नाही. नवरीचा भाऊ म्हणजे मी, निळा कुर्ता, मरून फेटा. शूट झाली असेल तर सप्तपदीच्या आधी घ्या. नसेल तर तसं कळवा, आग्रह नाही.

५. अकोल्याच्या स्वागत समारंभात नवरदेवाच्या आत्या कुटुंबासह स्टेजवर आल्या होत्या, जांभळी पैठणी, सोबत दोन मुलं. `FULL_2.mp4` मध्ये ०१:०४:०० च्या आसपास त्यांचा एक शॉट घ्या.

यातला १ आणि ५ जास्तीचं काम आहे हे माहीत आहे. किती दिवस लागतील ते सांगा. तुमच्या सीझनची घाई आहे, २ ते ५ नंतर झाले तरी चालतील, पण क्रमांक १ चं फुटेज काम होईपर्यंत पुसू नका. रॉ फुटेजसाठी नवीन हार्ड डिस्क मी घेऊन येईन.

आपला,
नवरीचा भाऊ, अमरावती

---

पत्रातल्या एक-दोन गोष्टी मुद्दाम होत्या. गाणं फिल्ममध्येच परत लावा असं मी म्हणू शकलो असतो, घरच्यांना तेच हवं होतं. पण पूर्ण फिल्मच्या मध्ये तीन-चार मिनिटं घातली की त्यापुढचं सगळं सरकतं, खाली लावलेली गाणी परत जुळवावी लागतात आणि फिल्म पुन्हा एक्सपोर्ट करावी लागते. वेगळी फाइल म्हणजे फक्त एक सलग तुकडा कापून देणं. मागणी छोटी केली की ती होते. आणि वेळ दिलेल्या यादीचा आणखी एक फायदा नंतर कळला. एडिटर दुरुस्त्या शेवटून सुरुवातीकडं करतो, म्हणजे मागचं कापलं-जोडलं तरी पुढच्या मुद्द्यांचे वेळ बदलत नाहीत. मला हे आधी माहीत असतं तर यादीच तशी दिली असती.

नाव फोटो म्हणून का दिलं? एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसेल तर अक्षरं सुटी पडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, वेलांटी पुढं-मागं होते. एडिटर टाइप करतो बरोबर, दिसतं चुकीचं. फोटो असला की त्याला दोन्ही ताडून पाहता येतं.

पत्रात मी कायद्याचा शब्द काढला नाही, पण तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे देऊन कुणाकडून फिल्म बनवून घेतली तर, वेगळा करार नसेल तर, तिचा पहिला हक्कदार बनवून घेणारा असतो. पण म्हणून मूळ क्लिप्स सांभाळून ठेवणं किंवा फुकट देणं हे व्हिडिओवाल्याचं कामच आहे असं धरून चालू नका, ते बुकिंग करतानाच लिहून घ्यायचं. आणि चूक असूनही कुणी दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. स्टुडिओ अकोल्याचा असला तरी तुम्ही अमरावतीला राहता म्हणून अमरावतीतच करता येते. पण आयोग दंड लावू शकतो, पुसलेलं फुटेज आणू शकत नाही. ज्याच्या टेबलावर आजीचा आवाज पडलेला आहे त्याला पहिल्याच पत्रात नोटीस कशाला दाखवायची?

दोन दिवसांनी भाऊंचा फोन आला. म्हणाले, "दादा, असं लिहून कोणी देतच नाही. पण फुटेज लय आहे, तुम्ही येता का बसायला? आजीले मी ओळखत नाही ना." म्हणून निघालो अकोल्याला. अमरावती-अकोला हा तोच रस्ता, जिथं जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. मी गाडीत हिशेब करत होतो की तेवढ्या वेळात आमच्या घरच्या ग्रुपवर डान्सचा निर्णय झाला नव्हता.

एडिटरची खोली तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो, टेबलावर डिस्कच डिस्क, प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि मार्करनं लिहिलेली आडनावं. आमची डिस्क त्यानं बाजूला काढून ठेवली होती. शेजारची तीन लग्नं त्या आठवड्यात पुसायची होती, हेही त्यानं सहज सांगितलं.

क्रमांक तीनचं कारण पाच मिनिटांत सापडलं. दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ चाळीस मिनिटं मागं होतं. क्लिप्स वेळेप्रमाणं लावल्या की त्या कॅमेऱ्यातली सप्तपदी आपोआप मंगलाष्टकांच्या आधी येऊन बसली, आणि लग्नात नसलेल्या माणसाला ते खटकलं नाही. कानपिळी निघालीच नाही. त्याच वेळी कॅमेऱ्याचं कार्ड बदलत होते. मी जावयाचा कान इतका जोरात पिळला होता की तो अजून बोलून दाखवतो, आणि त्याचा पुरावा नाही! जाऊ द्या.

मग हळद. स्टँडवरच्या कॅमेऱ्याची एक सलग क्लिप, बावीस मिनिटांची. सुरुवातीला नुसती लगबग, कुणीतरी कॅमेऱ्यासमोर पाट आणून ठेवतं, आणि नवव्या मिनिटाला डावीकडून आजी येऊन बसते. ती खाकरते आणि सुरू करते.

आवाज वाईट होता, खरं सांगतो. माईक दहा-बारा फूट लांब आणि मध्ये कूलर. मे महिन्यात वऱ्हाडात कूलर बंद करा म्हणायची कुणाची हिंमत? कूलरचा आवाज एकसारखा असतो, म्हणून तो सॉफ्टवेअरनं बराच खाली नेता येतो. पण बाहेर मांडवात डीजेवाला साउंड तपासत होता, ते गाणं आजीच्या आवाजातच मिसळलेलं. ते काढायला गेलो की आजीचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होत होता. एडिटरनं दोन-तीनदा करून पाहिलं. मी म्हटलं राहू द्या. कूलर अर्ध्यावर आणला आणि डीजे तसाच ठेवला. फाइल झाली तीन मिनिटं चाळीस सेकंदांची. भाऊंनी पंधराशे रुपये सांगितले, मी दिले. नवीन डिस्कवर सगळं रॉ उतरवायला साडेतीन तास लागले, तोवर त्यांनी मला दोनदा चहा पाजला. बाकीच्या दुरुस्त्या तुळशीच्या लग्नाआधी चार दिवस लिंकवर आल्या. आत्याची जांभळी पैठणीही आली.

हां, एक राहिलं. तुम्हाला फिल्म यूट्यूबवर टाकायची असेल तर तेही याच फेरीत सांगा. सिनेमातली गाणी असली की तिथं हक्काचा दावा येतो आणि व्हिडिओ अडू शकतो. परवान्याचं संगीत लावलेली वेगळी प्रत करून घ्यावी लागते, आणि ते करेक्शन नाही, वेगळं काम आहे.

रात्री घरी येऊन आईला ती फाइल मोबाइलवर लावून दिली. हेडफोन दिले तर तिनं काढून टाकले, तशीच कानाशी धरून ऐकली. दुसऱ्या मिनिटाला आजी एक ओळ विसरते आणि थांबते. मागून, कॅमेऱ्यात न दिसणारी एक बाई ती ओळ सांगते आणि आजी म्हणते, "हाव हाव, थांब, म्हनतो." तिथं आईनं फाइल थांबवली आणि म्हणाली, "अरे, मीच सांगितलं होतं तिले."